बोटांवरची चक्रं मोजा, पण ती कुणाची ते विचारू नका

या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांना उद्या वर्गात हे करून बघायचंय, त्यांच्यासाठी. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं 'म्हणजे काय की' तेवढं कमी केलंय.

सुरुवात एका कबुलीने करते. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, आणि काही वर्षांपूर्वी मी बोटांच्या ठशांचं प्रॅक्टिकल अगदी चुकीच्या पद्धतीने घेतलं होतं. शाईचं स्टॅम्प पॅड, एक फुलस्केप कागद, वर नाव आणि रोल नंबर, खाली दहा बोटांचे दहा ठसे. मुलं खूश, मीही खूश. काही ठसे इतके सुंदर आले होते की पोरांनी फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकले. मी काहीच बोलले नाही. वर अंगठा दाखवला असेन बहुतेक!

मग एक मुलगी तासानंतर हळूच म्हणाली, "मॅडम, माझा कागद परत मिळेल का? आमच्या घरचं रेशन माझ्याच अंगठ्यावर मिळतं. आजीचा अंगठा मशीन घेत नाही."

मी कागद परत दिला. ग्रुपवरचा फोटो मात्र परत कसा देणार? आणि बाकीच्यांचे कागद कपाटात तसेच राहिले. वर्षअखेरीस आवराआवर करताना ते मला रद्दीच्या गठ्ठ्यात सापडले, वर सुतळीसुद्धा बांधून झाली होती. नाव, रोल नंबर आणि दहा ठसे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

तेव्हापासून हे प्रॅक्टिकल मी वेगळ्या पद्धतीने घेते. शास्त्र तेच, आकडेही मिळतात, पण तास संपल्यावर खोलीत एकही ठसा उरत नाही आणि कुणाचं काय होतं हे मलाही माहीत नसतं. आज तीच पद्धत सांगते.

आधी ओळखायचं कसं

आपल्याकडे आजी-आजोबा मुलाचे हात धरून 'किती चक्रं, किती शंख' मोजतात. त्यावरून भविष्य सांगणं सोडून द्या, पण निरीक्षण खरं आहे. बोटाच्या टोकावरच्या उंचवट्यांच्या रेषा, ज्यांना आपण रिज म्हणतो, त्यांच्या ढोबळ मांडणीचे प्रकार मोजकेच आहेत. फ्रान्सिस गाल्टनने १८९२च्या त्याच्या पुस्तकात जे तीन गट धरले, तेच आजही वर्गात वापरतात: आर्च, लूप आणि व्होर्ल.

आर्चमध्ये रेषा बोटाच्या एका कडेने येतात, मध्ये कमानीसारख्या थोड्या उचलतात आणि दुसऱ्या कडेने निघून जातात. लूपमध्ये रेषा एका कडेने येतात, मध्ये वळतात आणि ज्या बाजूने आल्या त्याच बाजूने परत जातात. केसांची यू-पिन आडवी धरली की कशी दिसते, तसं. व्होर्लमध्ये रेषा मध्यभागी गोल किंवा भोवऱ्यासारख्या फिरतात. आजीचं 'चक्र' ते हेच.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्ष बोट समोर आलं की निम्मा वर्ग गोंधळतो. कारण सगळे मध्यभागाकडे बघतात. बघायचं असतं डेल्टाकडे.

डेल्टा म्हणजे तीन दिशांनी आलेल्या रेषा जिथे भेटतात ती छोटी त्रिकोणी जागा. नदीच्या मुखाशी असतो तसाच आकार, म्हणून नाव तेच. साध्या आर्चमध्ये डेल्टा नसतो. लूपमध्ये एक असतो. व्होर्लमध्ये दोन असतात, क्वचित जास्त. म्हणून मध्यभाग कितीही गोल वाटला तरी आधी डेल्टा मोजा. दोन सापडले तर व्होर्ल, एक सापडला तर बहुतेक लूप, एकही नाही तर आर्च.

'बहुतेक' का म्हटलं? कारण टेंटेड आर्च नावाचा एक नमुना असतो. कमान मध्ये तंबूच्या काठीसारखी उभी चढते आणि तिथे डेल्टासारखी जागाही दिसते. इथे एक कसोटी लावायची. डेल्टापासून मध्यापर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढा. वळून परत जाणारी किमान एक तरी रेषा या रेघेला छेदते का? छेदत असेल तर लूप, नसेल तर आर्च. वर्गात आम्ही टेंटेड आर्च वेगळा न मोजता आर्चमध्येच धरतो.

लूपचे पुन्हा दोन प्रकार आहेत. लूपचं तोंड करंगळीच्या बाजूला उघडत असेल तर अल्नर, अंगठ्याच्या बाजूला उघडत असेल तर रेडियल. ही नावं कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांवरून आली आहेत, अल्ना करंगळीच्या बाजूला आणि रेडियस अंगठ्याच्या. बहुसंख्य लूप अल्नर असतात. रेडियल कमी सापडतात आणि सापडले तर बहुधा तर्जनीवर.

ठसा घ्यायचाच का?

हा प्रश्न मी आधी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. नमुना ओळखायला ठसा लागतोच असं नाही, बोट तर समोरच आहे! म्हणून आता पहिली फेरी थेट बोटावर. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे, खिडकीशी बसायचं, बोट असं तिरकं धरायचं की उजेड बाजूने पडेल, आणि प्रयोगशाळेतल्या भिंगातून बघायचं. बाजूने उजेड आला की रेषांच्या सावल्या पडतात आणि नमुना एकदम उठून दिसतो. बोट थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे वळवून दोन्ही कडांना डेल्टा शोधायचा. बरीचशी बोटं इथेच ओळखून होतात, कागदावर काहीही न उमटता.

जी बोटं अशी कळत नाहीत, फक्त त्यांच्यासाठी पेन्सिल आणि टेप. मऊ पेन्सिल घ्या, २बी किंवा ४बी. कागदावर दोन इंचांचा चौकोन गडद रंगवा. त्यावर बोट एका नखाच्या कडेपासून दुसऱ्या नखाच्या कडेपर्यंत लोळवा. मग रुंद पारदर्शक टेपचा तुकडा बोटाभोवती तसाच कडेपासून कडेपर्यंत चिकटवा, अलगद काढा आणि पांढऱ्या कागदावर लावा. अर्धा इंची टेप वापरू नका, अंगठ्याला ती पुरतच नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगते. मुलं बोट लोळवत नाहीत, नुसतं टेकवतात. मग फक्त मधला भाग उमटतो आणि कडेचे डेल्टा राहून जातात. परिणाम काय होतो बघा: दोनपैकी एक डेल्टा हरवला की व्होर्लचा लूप वाटतो, आणि लूपचा एकुलता एक डेल्टा हरवला की त्याचा आर्च वाटतो. म्हणजे चूक कशीही होत नाही, ती ठरलेल्या दिशेने होते. सर्वसाधारणपणे आर्च सगळ्या बोटांमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास असतात, लूप ६० ते ६५ आणि व्होर्ल ३० ते ३५. लोकसमूहानुसार हे थोडं वरखाली होतं. पण तुमच्या वर्गात आर्च २० टक्के आले, तर 'आमचा वर्ग वेगळा' असं म्हणण्याआधी बोटं लोळवली होती का, ते विचारा.

दुसरी चूक डाव्या-उजव्याची. शाईने कागदावर उमटवलेला ठसा हा बोटाचं आरशातलं रूप असतो, रबरी शिक्क्यासारखा. टेपचं तसं नाही. टेप बोटावरून उचलून कागदावर लावली आणि वरून पाहिलं, की बोट जसं दिसतं तसंच दिसतं. उजव्या हाताचा अल्नर लूप शाईच्या ठशात उजवीकडे उघडेल, टेपवर डावीकडे. अर्ध्या वर्गाने शाई वापरली आणि अर्ध्याने टेप, तर अल्नर-रेडियलचे आकडे खिचडी होणार. म्हणून पद्धत एकच ठेवा, आणि शंका आली की परत बोटाकडे बघा. तोंड करंगळीकडे की अंगठ्याकडे, एवढाच प्रश्न आहे.

आणि हो, मोबाईल दप्तरात. मला माहितीये, झूम करून बघायला कॅमेऱ्यासारखं दुसरं काही नाही. पण फोनमधला फोटो फोनमध्येच राहत नाही. बहुतेकांच्या फोनमधून तो आपोआप क्लाउडवर जातो, आणि आपण डिलीट केला तरी कचऱ्याच्या फोल्डरमध्ये काही दिवस पडून असतो. भिंगाला असलं काही येत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

प्रत्येक बोट आधी स्वतः ओळखायचं आणि मग शेजाऱ्याकडून तपासून घ्यायचं, पण आपलं उत्तर आधी न सांगता. दोघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर पुन्हा डेल्टा मोजायचे. तरी नाही जुळलं तर ते बोट 'ओळखता आलं नाही' या गटात. तपासून झालं की ज्याचा ठसा त्यानेच त्या टेपचे मधून कात्रीने बारीक तुकडे करायचे. टेप हाताने फाटत नाही, म्हणून कात्री हवीच.

नाव काढलं म्हणजे झालं का?

आता या भागातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ठसे नष्ट केले, कुणाचं नाव लिहिलं नाही. मग फळ्यावर असा तक्ता केला तर चालेल का? डावीकडे 'विद्यार्थी १, विद्यार्थी २', वर दहा बोटं, आणि आत ल, व, आ अशी अक्षरं. नाव नाही, ठसा नाही, नुसती अक्षरं. मीही एक वर्ष हेच केलं होतं.

नाही चालत. का ते समजायला थोडं कलकत्त्याला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पोलिसांसमोर एक अडचण होती. हजारो लोकांचे ठसे कागदांवर जमले, पण नवा ठसा आला की तो या ढिगात शोधायचा कसा? एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी यातून वाट काढली, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. पद्धत मात्र जगभर हेन्रीच्या नावाने गाजली.

त्यांची युक्ती अशी. दहा बोटांना १ ते १० क्रमांक द्या: उजवा अंगठा १, उजवी करंगळी ५, डावा अंगठा ६, डावी करंगळी १०. आता बोटांच्या जोड्यांना किंमत द्या. बोट १ आणि २ ची किंमत १६, बोट ३ आणि ४ ची ८, ५ आणि ६ ची ४, ७ आणि ८ ची २, ९ आणि १० ची १. ज्या बोटावर व्होर्ल असेल त्याचीच किंमत धरायची, नाहीतर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा वरचा आकडा, विषम बोटांची बेरीज अधिक १ हा खालचा.

करून बघू. समजा एका मुलाच्या फक्त उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर व्होर्ल आहे. अनामिका म्हणजे बोट ४, सम, किंमत ८. अधिक १, म्हणजे वर ९. अंगठा म्हणजे बोट १, विषम, किंमत १६. अधिक १, म्हणजे खाली १७. हा मुलगा ९/१७ या खणात. वर ३२ शक्यता, खाली ३२ शक्यता, म्हणून एकूण ३२ गुणिले ३२ बरोबर १०२४ खण.

लक्षात आलं का? आपण वर्गात जो 'निनावी' तक्ता करतो, तेवढ्याच माहितीवर एका सबंध पोलीस कार्यालयाची कपाटं लागत होती! आणि तीही फक्त 'व्होर्ल आहे की नाही' एवढ्यावर. आपण तर तीन प्रकार लिहितो. दहा बोटं, प्रत्येकाला तीन शक्यता, म्हणजे ३ चा दहावा घात: ५९,०४९ वेगवेगळ्या ओळी. वर्गात मुलं ४०. सगळ्या ओळी सारख्या प्रमाणात येत नाहीत हे खरं, एकही व्होर्ल नसलेले बरेच जण १/१ या खणात गर्दी करतात. पण ज्याच्या हातावर थोडी वेगळी सरमिसळ आहे, त्याची ओळ वर्गात एकमेव असण्याची शक्यता भरपूर. शेजारी बसणाऱ्याने त्याची दोन-तीन बोटं तपासलेली असतात. त्यावरून ओळ सापडते, आणि ओळ सापडली की बाकीची सात बोटंही कळतात.

म्हणजे एका बोटाचा नमुना ही फार मोठी खासगी गोष्ट नाही, लूप तर निम्म्याहून जास्त बोटांवर असतो. दहा बोटांची अक्षरं एका ओळीत आली की मात्र तो पत्ता होतो. म्हणून नुसतं नाव काढून भागत नाही. ओळच होऊ द्यायची नाही.

दहा पिशव्या आणि चार कडधान्यं

यावर माझा उपाय स्वयंपाकघरातून आला. दहा कापडी पिशव्या घ्यायच्या, प्रत्येकीवर एका बोटाचं नाव: उजवा अंगठा, उजवी तर्जनी, असं डाव्या करंगळीपर्यंत. आणि चार प्रकारचे दाणे. लूप म्हणजे हरभरा, व्होर्ल म्हणजे राजमा, आर्च म्हणजे वाटाणा, आणि चौथा शेंगदाणा.

प्रत्येकाला चारही प्रकारचे दहा-दहा दाणे कागदाच्या पुडीत मिळतात. एकेकाने बाकांच्या मागे जायचं, मूठ पिशवीत घालायची आणि त्या बोटाचा एक दाणा आत सोडायचा. दहा पिशव्या, दहा दाणे. उरलेले दाणे एका झाकलेल्या डब्यात परत. चिठ्ठ्या का नाही? कारण अक्षर ओळखू येतं. स्टीलचे डबे का नाही? कारण राजमा पडल्याचा आवाज वाटाण्यापेक्षा वेगळा येतो. हसू नका, पोरांनी ओळखून दाखवलंय!

शेंगदाणा कशासाठी? त्याचा अर्थ 'ओळखता आलं नाही' किंवा 'मला सांगायचं नाही'. दोन्हीला मुद्दाम एकच दाणा. कुणाचं बोट भाजलेलं असतं, कुणाच्या रेषा शेतातल्या किंवा भांडी-धुण्याच्या कामाने झिजलेल्या असतात, कुणाला एखादं बोटच नसतं, आणि कुणाला नुसतंच भाग घ्यायचा नसतो. जो नको म्हणतो त्याने दहा शेंगदाणे टाकायचे. तोही सगळ्यांसारखा उठून मागे जातो, म्हणून कोण नको म्हणालं हे कळत नाही. नाहीतर 'ज्यांना नको त्यांनी हात वर करा' असं विचारलं, तर कोण हात वर करणार?

अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतली व्यक्ती मूलच धरली आहे. मी पालकांना आधी चार ओळींची चिठ्ठी पाठवते: काय बघणार, काय लिहिणार नाही, काय उरणार नाही. मुळात कुणाची म्हणून माहिती जमवलीच नाही, तर सांभाळायची जबाबदारीही तेवढीच हलकी होते.

सगळ्यांचं झाल्यावर एकदाच मोजायचं. मध्येच 'किती झाले बघू' नाही. समजा ३९ जणांनंतर मोजलं आणि ४०व्यानंतर परत मोजलं, तर दोन मोजण्यांतला फरक म्हणजे त्या ४०व्या मुलाचे दहाच्या दहा नमुने. उशिरा आलेल्याला मोजणी झाल्यावर घ्यायचं नाही, तेही याचसाठी.

या पद्धतीत चूकही आपोआप दिसते. मुलं ४० तर प्रत्येक पिशवीत दाणे ४० च हवेत. डाव्या तर्जनीत ३९ आणि डाव्या मधल्या बोटात ४१ आले, तर कुणाचा तरी हात शेजारच्या पिशवीत गेला. कुणाचा, ते शोधायचं नाही. त्या दोन पिशव्यांपुढे फळ्यावर टीप लिहायची, बस.

दाण्यांमधून काय कळतं

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. ४० मुलं. उजव्या तर्जनीच्या पिशवीत हरभरे २१, राजमा १२, वाटाणे ५, शेंगदाणे २. उजव्या करंगळीच्या पिशवीत हरभरे ३३, राजमा ४, वाटाणा १, शेंगदाणे २.

शेंगदाणे सोडले की दोन्हीकडे वाचता आलेली बोटं ३८. तर्जनीवर लूप २१ भागिले ३८, म्हणजे ५५ टक्के. करंगळीवर ३३ भागिले ३८, म्हणजे ८७ टक्के. हा फरक मी रचलेला असला तरी दिशा खरी आहे. करंगळीवर लूपचं राज्य असतं, तर्जनीवर सगळे प्रकार मिसळलेले असतात, आणि अंगठा व अनामिकेवर व्होर्ल जास्त सापडतात.

असं का? गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास बोटांच्या टोकांवर छोट्या गाद्या फुगतात, त्यांना व्होलर पॅड म्हणतात. पुढे त्या हळूहळू बसतात, आणि त्याच सुमारास, साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून, रिज तयार व्हायला लागतात. त्या वेळी गादी उंच आणि सारखी असेल तर व्होर्लकडे कल, एका बाजूला कललेली असेल तर लूप, जवळजवळ सपाट झाली असेल तर आर्च. एडिनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की रिज लाटांसारख्या पसरतात: एक लाट गादीच्या मध्यापासून, एक नखाच्या बाजूने, एक पेराच्या घडीकडून. या लाटा कुठे आणि कधी भेटतात त्यावर नमुना ठरतो. गादीचा आकार आणि वेळ ठरवण्यात जनुकांचा हात असतो, आणि प्रत्येक बोट थोड्या वेगळ्या वेळापत्रकाने वाढतं. म्हणून नमुन्यांची टक्केवारी बोटागणिक बदलते. आणि म्हणूनच एकसारख्या जुळ्यांचे नमुने बरेच जुळतात, पण रेषांचे बारीक फाटे जुळत नाहीत.

आता दोन सावधगिरी. पहिली, फळ्यावर किंवा जर्नलमध्ये लिहिताना. करंगळीवर वाटाणा एकच होता. तो ज्याचा आहे त्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला ते माहीत आहे. तो आकडा नुसता खोडून उपयोग नाही, कारण ४० मधून ३३, ४ आणि २ वजा केले की १ परत मिळतोच! म्हणून तिथे 'व्होर्ल आणि आर्च मिळून ५' असं लिहायचं.

दुसरी, हुरळून जायचं नाही. मुलं म्हणतात, 'मॅडम, आपल्याकडे ४०० बोटांचा डेटा आहे.' नाही. आपल्याकडे ४० माणसांचा डेटा आहे. एकाच हाताची बोटं एकमेकांसारखी असण्याकडे झुकतात. एखाद्याच्या दहाही बोटांवर व्होर्ल असतील तर तो एकटाच दहा राजमे टाकून वर्गाची टक्केवारी ओढतो. म्हणून शेजारच्या तुकडीत व्होर्ल ३३ टक्के आणि आपल्यात ३८, तर तो शोध नाही, ते ४० जणांचं नशीब.

याच कारणाने पाठ्यपुस्तकातली काय-वर्ग चाचणी तर्जनी विरुद्ध करंगळी अशी सरळ लावता येत नाही. ती चाचणी धरून चालते की दोन्ही गटांतली माणसं वेगळी आहेत, आणि इथे तर तीच ४० मुलं दोन्हीकडे आहेत. जोडीने तुलना करायची चाचणी लावायला ओळ लागते, आणि ओळ तर आपण मोडून टाकली. खासगीपणाची ही किंमत आहे, ती लपवू नये.

पण ती किंमत पूर्ण भरावी लागत नाही. समजा वर्गाला जाणून घ्यायचंय की दोन्ही अंगठ्यांवर एकच नमुना असतो का. मग अकरावी पिशवी लावा. प्रत्येकाने स्वतःचे दोन अंगठे बघून मनातच उत्तर काढायचं: सारखे असतील तर हरभरा, वेगळे असतील तर राजमा, सांगायचं नसेल तर शेंगदाणा. प्रश्न सगळ्यांचा, हिशोब ज्याचा त्याने केला, आणि बाहेर आलं फक्त उत्तर. मात्र असे प्रश्न एक-दोनच विचारा. वीस पिशव्या लावल्या तर सगळं परत तिथेच येतं.

जाता जाता

कुणी म्हणेल, एवढ्याशा पेन्सिलच्या ठशाने काय होणार? खरंय, धुरकट टेपवरून कुणी लगेच बँक लुटत नाही. पण आपल्या देशात आधार क्रमांक आणि अंगठा यांवर खात्यातून पैसे काढता येतात, आणि कागदपत्रांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचे अंगठे करून फसवणूक केल्याचे गुन्हे पोलिसांनी नोंदवले आहेत. आधारची बायोमेट्रिक लॉक करायची सोय त्यासाठीच आहे. घरच्या मोठ्यांचं ते लॉक लावून द्या, लागेल तेव्हा उघडता येतं. आणि कुणी शाळेत किंवा क्लासला येऊन 'बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगतो' म्हणालं, तर आता तुम्हाला माहितीये: ठशाचा नमुना गर्भातली गादी किती उंच होती ते सांगतो, इंजिनिअरिंगला जायचं की आर्ट्सला, ते नाही. फी तर जातेच, दहा ठसेही जातात.

ती रेशनवाली मुलगी पुढच्या वर्षी बारावीत माझ्याच वर्गात होती. पिशव्यांचं प्रॅक्टिकल पहिल्यांदा केलं तेव्हा ती रांगेत सगळ्यांसारखीच उठून मागे गेली. तिने हरभरे टाकले, राजमा टाकला की दहाही शेंगदाणे, मला आजही माहीत नाही.

तर मंडळी, पुढच्या भागात भेटू. दाणे मोजून झाल्यावर उसळ करायचा विचार असेल तर थांबा, चाळीस जणांचे पेन्सिल लागलेले हात त्यांना लागलेत!